चौदा दिवसांची दाढी

माझी दाढी शेवटची तीन वर्षं बायकोनं केली. हे गावात कोणाला माहीत नव्हतं. हात थरथरायला लागला तेव्हा मलकापूरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि सांगितलं, वयाचा कंप आहे, कमी होईल पण जाणार नाही. मी घरी येऊन तिला दम दिला, बाहेर बोललीस तर याद राख. ती बोलली नाही. एक दिवसाआड न्हाणीत पाट मांडायची, माझं नाक दोन बोटांत धरून मान वर करायची, आणि माझंच जुनं स्टीलचं रेझर माझ्या गळ्यावरून फिरवायची.

एकदा कानाखाली लागलं. मी फेसाच्या पाण्याची वाटी तिच्या अंगावर मारली. तिनं पदरानं तोंड पुसलं, वाटी उचलली, नवं पाणी आणलं.

"अर्धी दाढी घेऊन कुठं जाता," म्हणाली, "बसा खाली."

मी बसलो. माफी मागायची आमच्यात रीत नव्हती. निदान माझ्यात नव्हती.

ती खामगावच्या दवाखान्यात वारल्यावर महिनाभर मी गावातल्या न्हाव्याकडे जायचो. तो माझ्याच वयाचा, तिसरीपर्यंत एका बाकावर होतो. मी चौथीत शाळा सोडली, त्यानं तिसरीत. पण त्याच्याकडे रोज चार माणसं बसलेली असतात आणि गिऱ्हाईकाचा हात मांडीवर नाचताना दिसला की त्यांना दिवसभराचा विषय मिळतो. म्हणून एका सकाळी मी घरीच बसलो आणि स्वतः करायला गेलो. तिनं लावलेलं ब्लेड तसंच होतं, मी बदललं नव्हतं. हनुवटीवर तीन ठिकाणी कापलं. तेवढ्यात पोराचा व्हिडिओ कॉल आला आणि मी अक्कल नसल्यासारखा उचलला.

पोरगा दुबईला आहे, बारा वर्षं झाली. माझ्या हनुवटीवरचा कापूस बघून तो म्हणाला, "बाबा, हात थरथरतो का तुमचा?"

"काऊन थरथरन? ब्लेड जुनं होतं."

"हात दाखवा."

मी फोन दुसऱ्या हातात धरला. तोही थरथरतो, म्हणून फोन हलला. तो म्हणाला, नेटवर्क खराब आहे. मी म्हटलं, हाव, खराबच आहे.

दोन दिवसांनी त्यानं पुन्हा फोन केला. अकोल्यातल्या एका वृद्धाश्रमाचा फॉर्म त्यानं भरून ठेवला होता. खोली चांगली, डॉक्टर येतो, जेवण वेळेवर. असं सांगत होता जसं बैलाला नवा गोठा दाखवतात. मी म्हटलं, मी मेलो तरी जाणार नाही. तो म्हणाला, "मग इकडे या. दोन आठवडे. मी डोळ्यानं पाहतो. स्वतःचं स्वतः करता आलं, तं राहा घरी, मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही आलं तं तिथूनच अकोल्याले सोडतो."

कबूल, म्हटलं. दुसरं काय म्हणणार. घर म्हणजे दोन खोल्या, पुढं ओसरी आणि मागं न्हाणी. त्या न्हाणीत तिचा पाट अजून भिंतीला टेकलेला आहे. मला तिथंच मरायचं आहे, अकोल्याच्या खाटेवर नाही. मला एवढंच पाहिजे होतं.

तिकीट त्यानंच काढलं. फक्त हातातली पिशवी, सात किलो, विमानाच्या पोटात टाकायचं सामान काहीच नाही. "तुमाले तिथं पट्ट्यावरून बॅग उचलता येणार नाही," म्हणाला. म्हणजे त्यानं आधीच ठरवलं होतं की मला काय येणार नाही.

मग मी न्हाव्याकडे गेलो, दुपारी, दुकानात कोणी नसताना. हात त्याच्यासमोर धरला. तो बघून म्हणाला, "अबे, मले वाटलं तू बुढीच्या दुःखानं हलून राह्यला."

"दुःखानं हात हलत असते का बे?"

"मले काय माहीत. माही तं मेली नाही अजून, मी कुठं तितका नशीबवान."

मग कामाचं बोलला. वस्तरा, ब्लेड, कात्री, काहीच हातातल्या पिशवीत चालत नाही. वापरून फेकायचं प्लॅस्टिकचं रेझर चालतं, पण त्यानंही तू सोलून निघशील, म्हणाला. "तू जाळीचं मशीन घे. चार्जिंगचं. पातं जाळीच्या आत असते, कातडीले लागत नाही. पण रोज कराव लागन. दोन दिवसांचे केस झाले की जाळीत जात नाहीत, वढते नुसतं." साबण नाही, पाणी नाही. कोरड्या तोंडावर थोडी पावडर लावायची आणि आंघोळीच्या आधी फिरवायचं.

त्यानं मला आरशासमोर बसवलं, माझं कोपर खुर्चीच्या हातावर टेकवलं, मूठ गालाला दाबली. "आता मशीन हलवू नको. तोंड हलव. मान फिरव, मशीन तिथंच राहू दे." मी मान फिरवली. तो हसायला लागला. "घुबडासारखा दिसून राह्यला. पण चालते. दुबईले घुबडं नसन."

मशीन आणायला मी मुलीला सांगितलं. ती नांदुऱ्याला शाळेत कारकून आहे, नवरा, दोन पोरं, आणि दर रविवारी माझ्याकडे यायची. कंपाचं तिलाही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, न्हावी तिथं कुठं शोधू, म्हणून मशीन.

निघायच्या आधीच्या रविवारी ती बॅग भरायला आली. तिकिटाचा कागद, नियमांचा कागद, एक झिपची पारदर्शक पिशवी आणि बाजारातून आणलेल्या बारक्या बाटल्यांचा एक संच. शाळेतल्या कपाटासारखं तिला सगळं जागच्या जागी लागतं. सात किलोत दोन धोतरं, तीन पायजमे, सदरे, स्वेटर, पोरासाठी ज्वारीचे पापड. दाढी-आंघोळीच्या सामानाला तिनं दीड वीतभर जागा ठेवली.

मी माझी तेलाची बाटली पुढे केली. दोनशे मिलीची, तळाशी दोन बोटं तेल.

"ही नाही चालत."

"त्यात आहेच किती?"

"किती उरलं ते पाहत नाहीत बाबा. बाटलीवरचा आकडा पाहतात. शंभरच्या वरची बाटली, तळाशी दोन थेंब का असेनात, काढून टाकतात. तेल, शाम्पू, क्रीम, पेस्ट, सगळं शंभरच्या आतल्या डब्यांत, आणि सगळे डबे ह्या एका पिशवीत. पिशवी बंद झाली पाहिजे."

"मंग विमान आहे का ससुरवाडी?"

ती हसली. तेल एका बारक्या बाटलीत ओतलं, शाम्पू दुसऱ्या, आणि बोटाएवढ्या डबीत कोल्डक्रीम. पेस्टची छोटी ट्यूब. पिशवी दाबून हवा काढली, झिप ओढली, आणि ती एवढीशी चपटी पिशवी माझ्या हातात दिली. काम खरोखर नेटकं होतं.

"आता उघडून दाखवा एकदा. तिथं गेल्यावर उघडेना म्हणू नका."

मी म्हटलं, मी लेकरू आहे का. ती म्हणाली, दाखवा तं खरं.

मोठी बाटली मी दोन्ही तळव्यांत धरून फिरवू शकतो. डबा मांडीत दाबून उघडतो. तीन वर्षांत मी असे पन्नास डाव शिकलो होतो. पण त्या बाटलीचं झाकण चण्याएवढं होतं. त्या झिपची कड नखानं धरावी लागत होती. वस्तू जितकी बारीक, तितका माझा हात खोटा पडत होता. मी झिप दातानं ओढली. बाटली काढली, झाकण चिमटीत धरलं, आणि हात असा नाचायला लागला की बाटली सुटली आणि तेल पोराच्या पापडांवर गेलं.

ती तेलाकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती.

"कधीपासून?"

मी सांडलेली बाटली उभी करायला गेलो.

"मायले माहीत होतं?"

"तीच दाढी करायची."

ती खाली बसली. म्हणाली, "दादाले सांगाव लागन बाबा. तुम्ही चूल पेटवता, गॅस लावता. तुम्ही एकटे नाही राहू शकत. अकोल्याले नका जाऊ, माह्याकडे या. पण दादाले सांगू द्या."

तिचं बोलणं चांगलं होतं. हे आता कळतं असं नाही, तेव्हाही कळत होतं. पण जावयाच्या घरी पलंगाच्या कडेला बसलेला मी मला दिसला, आणि मला एवढंच समजलं की हिचं तोंड आत्ताच बंद केलं पाहिजे. कुठं मारलं की बंद होईल तेही मला माहीत होतं.

मी म्हटलं, "तुया मायनं शेवटी कोणाचं नाव घेतलं, सांगू? दादाचं. मी इचारलं, पोरीले बोलावू का? तं मान हलवली. नाही म्हणे. तुले पाहाचं नव्हतं तिले. आता तू आली मले सांभाळाले."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, फडकं आणलं, तेल पुसलं. तेल लागलेले पापड बाजूला काढले. मग तिनं ती पिशवी सगळी रिकामी केली आणि नव्यानं भरायला बसली.

तेलाची बाटली काढून टाकली. "तेल लावून जा. तिथं दादाचं वापरा." शाम्पू आणि कोल्डक्रीम काढलं, आंघोळीच्या साबणाचा अर्धा तुकडा डबीत ठेवला, तोच डोक्याला. साबण घट्ट असतो, तो पिशवीत मोजत नाहीत. तुरटीचा खडा, तोही घट्ट. पावडरचा छोटा डबा, ज्याचं तोंड नुसतं फिरवलं की भोकं उघडतात. पेस्टची ट्यूब बदलली. दुसरी अशी आणली जिचं झाकण अंगठ्यानं वर उडतं. झिपच्या सरकत्या तुकड्याला तिनं सुईनं जाड दोरा ओवला आणि बोट जाईल एवढा फास केला. घरातली सायकलची जुनी ट्यूब कापली, पट्टी काढली आणि मशीनच्या मुठीला घट्ट गुंडाळली. तशीच एक पट्टी दाताच्या ब्रशला. मशीनचं बटण बॅगेत आपोआप दाबलं जाऊ नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली, आणि तिचं एक टोक दुमडून ठेवलं, ओढता यावं म्हणून. "मशीनमध्ये बॅटरी आहे, हे हातातल्याच बॅगेत ठेवाचं." नंतर माझे दोन्ही हात पुढे ओढून नखं कापली, पायांचीही, म्हणजे दोन आठवडे नेलकटर लागणार नाही.

तासभर ती माझ्याशी फक्त असं बोलली. हे उघडा, ते बंद करा, पुन्हा करा. मी फासात बोट घालून झिप ओढली, पहिल्या खेपेला उघडली.

"झालं," म्हणाली. चप्पल घातली आणि गेली. चहासुद्धा घेतला नाही.

ती गेल्यावर मी एक मूर्खपणा केला. माझं जुनं स्टीलचं रेझर ब्लेडसकट स्वेटरात गुंडाळलं आणि बॅगेच्या तळाशी घातलं. वापरायचं नव्हतं. नियम माहीत होता. पण ते ब्लेड बायकोनं लावलेलं होतं आणि बंद घरात चौदा दिवस ते एकटं ठेवावं असं मला वाटलं नाही. याला कोणी काय म्हणायचं ते म्हणो.

निघायच्या दिवशी न्हाव्यानं मिशी बारीक करून दिली. गाडीनं मुंबई. विमानतळावर पारदर्शक पिशवी आणि मशीन बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायचं होतं. फासात बोट, पिशवी बाहेर, मशीन बाहेर. मागच्यांना माझी वाट बघावी लागली नाही. मनात म्हटलं, पोरगी हुशार आहे. तेवढ्यात यंत्राच्या पलीकडच्या खाकीतल्या माणसानं माझी बॅग बाजूला ओढली.

"बाबा, ब्लेड है इसमें."

त्यानं स्वेटर उलगडला. रेझर वर धरलं. "खोलो इसको."

मी मूठ धरली आणि फिरवायला गेलो. हात सुटला. इतके लोक, इतका उजेड, माझे दोन्ही हात पाण्यातल्या माशासारखे.

"हाथ क्यूँ काँप रहा है? डर रहे हो?"

"बुड्ढा हूँ साहब."

"बुड्ढे सब होते हैं. और क्या है बैग में?"

मग त्यानं सगळं बाहेर काढलं. धोतरं, पायजमे, पापड. साबणाची डबी उघडून वास घेतला. मशीनच्या मुठीवरची ट्यूब बघून दुसऱ्याला बोलावलं. "ये क्या लपेटा है?" त्यांनी ती पट्टी उलगडली, आत काही नाही बघितलं आणि पट्टी मशीनसोबत ट्रेमध्ये टाकली. रेझर त्यानं स्वतःच फिरवून उघडलं, ब्लेड दोन बोटांनी काढलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मूठ मला परत दिली. "ये ले जाओ. ब्लेड नहीं."

माझ्या मागं एक बाई तिच्या मुलाला म्हणाली, "बघ, नियम नाही पाळले की असं होतं." बरोबरच बोलली.

सगळं सामान पुन्हा भरायला मला इतका वेळ लागला की शेवटी खाकीतल्या माणसानंच झिप ओढली. ट्यूबची पट्टी मला पुन्हा गुंडाळता येईना. विमानात शेजारच्या पोराला म्हटलं, तेवढं घट्ट करून दे. त्यानं कानातले इअरफोन न काढता करून दिलं.

दुबईत पहिल्या सकाळी पोरगा बाथरूमच्या दारात उभा होता. "दार लावून करा," म्हणाला, पण लावू दिलं नाही. कोपर बेसिनच्या कडेला, मूठ गालावर, मान फिरवली. मशीन गुरगुरलं. तो बघत होता. मी आरशातून त्याच्याकडे बघितलं नाही. पाच मिनिटं लागली, मग त्यानं हनुवटी बोटानं चाचपून बघितली, बाजारात वांगं बघतात तशी.

"गुळगुळीत आहे," म्हणाला. आवाजात नाराजी होती.

पुढचे तेरा दिवस तसेच. चहा अर्धाच कप घ्यायचो, दोन्ही हातांनी, एसीनं बोटं गार पडतात म्हणायचो. सून सकाळी सातला कामावर जायची, तिला माझ्या बोटांशी घेणं नव्हतं. गालावर एक ओरखडा नाही. हॉटेलात नेलं तेव्हा त्याचे मित्र म्हणाले, अंकल एकदम टापटीप. पोरानं कौतुक ऐकून घेतलं, जणू त्यानंच मला धुऊन आणलं होतं.

शेवटच्या दिवशी म्हणाला, "ठीक आहे बाबा. राहा घरी. मी तर बहिणीले आधीच इचारलं होतं, तुम्ही निघाच्या दिवशी. म्हटलं, खरं सांग, बाबाचा हात कसा आहे. तिनं म्हटलं, एकदम ठीक आहे, माह्यासमोर सगळं उघडून दाखवलं." आणि त्यानं अकोल्याला फोन करून ती खोली नको म्हणून कळवलं, माझ्यासमोर.

मला पाहिजे होतं ते मिळालं होतं. विमानात पोरीनं केलेल्या दोऱ्याच्या फासात बोट घालून बसलो.

पहिल्या रविवारी पोरगी आली नाही. पोरांच्या परीक्षा असतील. दुसराही नाही. तिसऱ्या रविवारी मी फोन केला.

"मशीनची जाळी धुता का?" म्हणाली. "ब्रशनं केस झटकत जा, नाही तं चालणार नाही."

"हाव. तू काऊन येत नाही?"

"काम असते."

मग मी सांगून टाकलं. जमेल तसं सांगितलं, एकदम. म्हटलं, मी खोटं बोललो. तुया मायनं नाही म्हटलं नव्हतं. खामगावच्या दवाखान्यात तिनं तुलेच बोलावलं होतं, दोनदा. मीच म्हटलं, डॉक्टर येऊन जाऊ दे, मग कळवू. मले वाटलं नव्हतं ती दुपारीच जाईन.



"किती वाजता बोलली माय?"

"सकाळी. नऊ असतील."

"गेली किती वाजता?"

"दोन."

"नांदुऱ्याहून खामगावले किती वेळ लागते बाबा?"

मला उत्तर माहीत होतं. तिलाही माहीत होतं. तरी तिनं माझ्याकडून वदवून घेतलं.

"एक तास," मी म्हटलं. "लय झालं तं."

ती बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता, बॅग भरताना होता तसाच.

"तुम्हाले एकटं राहाचं होतं ना?" म्हणाली. "राहा."